सातपैकी पाच: कोणते दोन सोडायचे?

"सर, पेपर सोपा व्हता, पन पाचवा राही गया."

अमळनेरला कॉमर्सच्या पोरांना कॉस्टिंग शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. पारोळ्याहून येणारा मुलगा अहिराणीत सांगतो, चोपड्याहून येणारी मुलगी पुस्तकी मराठीत सांगते, मतलब एकच. पेपर सोपा असूनही पाचवा प्रश्न राहतो, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण लिहिण्याचा वेग नसतो. कोणते पाच घ्यायचे हे ठरवताना चूक झालेली असते. ती पहिल्या दहा मिनिटांतच होते, फक्त कळते अडीच तासांनी.

या लेखात मी एकच पेपर घेऊन बसणार आहे. आमच्याकडच्या पूर्वपरीक्षेचा, कॉस्ट अकाउंटिंगचा. सात प्रश्न, त्यांपैकी कोणतेही पाच सोडवायचे, प्रत्येकी १२ गुण, एकूण ६० गुण, वेळ तीन तास. विषय तुमचा दुसरा असला तरी हिशोब हाच राहतो, कारण गणितं आणि थिअरी एकाच पेपरात आली की निवडीचा घोळ सगळीकडे सारखाच होतो.

आधी अभ्यासाचा हिशोब

"सातपैकी पाच सोडवायचेत, म्हणजे दोन प्रकरणं ऑप्शनला टाकली तरी चालतं." हे गणित दिसायला बरोबर आहे. सात प्रकरणं, प्रत्येकावर एक प्रश्न, पाच तयार केली की पाच प्रश्न हातात. पण दोन प्रकरणं घरीच टाकून आलेल्या मुलाला परीक्षेत निवड उरतच नाही. पेपरात सात प्रश्न छापलेले असतात, त्याच्यासाठी ते पाचच असतात आणि पाचही सक्तीचे.

आता प्रश्न नेहमी सरळ येत नाही. तयार केलेल्या प्रकरणावरही कधी वाकडा प्रश्न येतो. समजा, दर पाच प्रश्नांत एक वाकडा निघतो आणि एक वाकडा आला म्हणून दुसरा येईलच असं काही नाही. पाचच प्रकरणं तयार असतील, तर पाचही सरळ येण्याची शक्यता शंभरात सुमारे ३३. सहा तयार असतील, तर त्यांतले किमान पाच सरळ येण्याची शक्यता ६६ च्या आसपास. सातही तयार असतील तर ८५. पाचात एक हा आकडा मी समजण्यासाठी धरलाय, तुमच्या विषयात तो वेगळा असेल. तरी त्यातून एक गोष्ट दिसते. पाचावरून सहावर जाताना शक्यता जवळजवळ दुप्पट होते, आणि सहावरून सातावर जाताना फायदा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. म्हणून वेळ कमी असेल तर मी मुलांना सांगतो, एक प्रकरण सोडा, दोन सोडू नका. सहावं प्रकरण पूर्ण १२ गुणांइतकं तयार नसलं तरी चालेल. सात-आठ गुण पडतील इतकं असू द्या. त्याचं काम राखीव खेळाडूचं आहे.

आणि सोडायचं प्रकरण ठरवण्याआधी मागचे तीन-चार पेपर समोर ठेवून एक गोष्ट बघा: प्रकरण आणि प्रश्न यांची जोडी पक्की आहे का? काही पेपरांत टिपांचा प्रश्न सगळ्या प्रकरणांतून काढतात. तुम्ही सोडलेल्या प्रकरणातल्या दोन टिपा त्यात आल्या, तर तोही प्रश्न अर्धा गेला. म्हणजे एक प्रकरण सोडलं आणि फटका दीड प्रश्नाला बसला. सोडलेल्या प्रकरणाच्या व्याख्या, सूत्रं आणि दोन-चार फरक तरी वाचून ठेवावेत, ते याच्याचसाठी.

निवड किती खरी आहे ते ओळखा

पेपरवर "कोणतेही" हा शब्द दिसला की मुलं खूश होतात, पण त्याचे प्रकार वेगवेगळे असतात. सातपैकी कोणतेही पाच म्हणजे २१ वेगवेगळे संच. तेच सात प्रश्न दोन विभागांत वाटले, पहिल्यात तीनपैकी दोन आणि दुसऱ्यात चारपैकी तीन, की संच उरतात १२. दुसऱ्या विभागातले चारही प्रश्न तुम्हाला छान येत असले तरी चौथ्याचा उपयोग शून्य.

"किंवा" वाला पेपर आणखी फसवा. पाच प्रश्न आणि प्रत्येकात अ किंवा ब, म्हणजे ३२ संच. आकडा २१ पेक्षा मोठा दिसतो. पण बहुतेक वेळा अ आणि ब एकाच युनिटमधले असतात. ते युनिट सोडलं असेल तर दोन्ही पर्याय तुमच्यासाठी सारखेच निरुपयोगी. अशा पेपराला एकही प्रकरण सोडता येत नाही. फक्त प्रकरणाच्या आत काय जास्त पक्कं करायचं ते निवडता येतं.

आपल्या बारावी बोर्डाच्या विज्ञान शाखेच्या गणिताच्या ८० गुणांच्या पेपरात तिसराच प्रकार आहे. दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ८ पैकी ५. तिथे प्रत्येक विभागातली निवड वेगळी करावी लागते. दोन गुणांचे नऊ सोडवले म्हणून चार गुणांचा एक कमी सोडवला, असं चालत नाही. मात्र तिथे प्रश्न लहान असल्यामुळे एखादी निवड चुकली तर फटकाही दोन-चार गुणांचाच बसतो. १२ गुणांच्या प्रश्नात मात्र एक चुकीची निवड पेपराचा पाचवा हिस्सा घेऊन जाते. म्हणून खालचा सगळा खटाटोप.

पहिली दहा मिनिटं: प्रत्येक प्रश्नासमोर दोन आकडे

तीन तासांची १८० मिनिटं. त्यांतली पहिली १० वाचायला आणि निवडायला, शेवटची १० तपासायला. उरली १६०. पाच प्रश्नांना सरासरी ३२ मिनिटं.

प्रश्न वाचताना प्रत्येकासमोर मनात दोन आकडे ठरवायचे: मला यात किती गुण पडतील आणि किती मिनिटं लागतील. प्रश्नपत्रिकेवर काही लिहायला बंदी असेल तर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्चं काम म्हणून लिहा आणि नंतर त्यावर रेघ मारा. "येतो", "थोडा येतो", "येत नाही" अशा खुणा मला आवडत नाहीत. "येतो" म्हणजे सात गुण की अकरा, हे त्या खुणेतून कळत नाही, आणि निवडीत खरी मारामारी असते ती सात आणि आठच्या मध्येच.

आमच्या पेपराचे सात प्रश्न आणि एका विद्यार्थिनीच्या तयारीनुसार त्यांचे आकडे असे होते. हे आकडे पेपर झाल्यावर तिच्याबरोबर बसून, तिच्या सरावाच्या पेपरांकडे बघून काढलेले आहेत. परीक्षेत तिने ते काढले नव्हते, तीच तर गोष्ट आहे.

| प्रश्न | अपेक्षित गुण (१२ पैकी) | मिनिटं |
|---|---|---|
| १. कॉस्ट शीट (डाळ मिल) | १० | ४० |
| २. मटेरियल: ईओक्यू ४ गुण, फिफो स्टोअर्स लेजर ८ गुण | १० | ३० |
| ३. लेबर: हॅल्से-रोवन ६ गुण, टाइम कीपिंग आणि टाइम बुकिंगमधला फरक ६ गुण | ९ | २५ |
| ४. ओव्हरहेड्सची वाटणी | ११ किंवा ४ | ४५ |
| ५. कॉस्ट अकाउंटिंगचे फायदे आणि मर्यादा | ७ | ३० |
| ६. टिपा, चारपैकी तीन | ८ | २७ |
| ७. प्रोसेस कॉस्टिंग, अबनॉर्मल लॉससह | ६ | ३५ |

चौथ्या प्रश्नासमोर दोन आकडे का? कारण तिच्या सरावात हा प्रश्न कधी पूर्ण बरोबर यायचा, कधी पार फसायचा, मधलं काही नाही. अशा प्रश्नाची किंमत साधारण मधली धरायची, इथे साडेसात. पण तो साडेसात हा आकडा पाचव्या प्रश्नाच्या सातसारखा नाही. थिअरीचा सात म्हणजे सहा ते आठ. इथला साडेसात म्हणजे नाणं उडवणं.

संच लावणं

आता नुसते मोठे आकडे उचलले तर १, २, ३, ६ आणि ४ असा संच होतो. गुण साडेचव्वेचाळीस. पण मिनिटांची बेरीज करा: ४०, ३०, २५, २७ आणि ४५, म्हणजे १६७. आपल्याकडे १६० आहेत. सात मिनिटं कमी म्हणजे किरकोळ वाटतं, पण ती कुठून तरी काढावी लागतील आणि काढली जातात ती नेहमी शेवटच्या प्रश्नातून.

चौथ्याऐवजी पाचवा घ्या. गुण ४४, वेळ १५२ मिनिटं. अर्धा गुण गेला, त्याच्या बदल्यात आठ मिनिटं शिल्लक राहिली आणि नाणं उडवण्याचा धोका टळला. सातवा घेतला तर ४३ गुण आणि १५७ मिनिटं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. कॉस्ट शीटला ४० मिनिटं लागतात म्हणून ती सोडून ४ आणि ५ दोन्ही घ्यावेत का? मग २, ३, ४, ५, ६ होतात: साडेएक्केचाळीस गुण, १५७ मिनिटं. नाही परवडत. कॉस्ट शीट वेळ खाते, पण दहा गुण देते.

सगळे २१ संच तपासायची गरज नाही. आधी ज्यांच्याबद्दल शंकाच नाही असे तीन-चार प्रश्न वेगळे काढा. इथे १, २, ३ आणि ६. त्यांचे ३७ गुण आणि १२२ मिनिटं झाली. उरल्या ३८ मिनिटांत बसणारा सगळ्यात चांगला प्रश्न कोणता, एवढंच बघायचं राहतं. ४ बसत नाही, ५ आणि ७ बसतात, त्यात ५ ला गुण जास्त. निवड झाली. सराव असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पास होण्यापुरतीच चिंता असलेल्या मुलाने चौथ्या प्रश्नाला हातच लावू नये, कारण ४ गुणांचा फटका त्याला बुडवू शकतो. ज्याला पहिला नंबर काढायचाय आणि बाकीचे चार प्रश्न दहाच्या पुढचे आहेत, त्याने तो घ्यायला हरकत नाही. पेपर तोच, पण प्रत्येकाचा चांगला संच वेगळा असू शकतो. शेजारच्याने काय घेतलं ते बघण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

तिने काय केलं

तिने १, २, ३, ४ आणि ७ घेतले. सगळी गणितं. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, गणिताला पूर्ण गुण मिळतात, थिअरीला कोणी देत नाही." ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि ती निम्मीच खरी आहे. बरोबर आलेल्या गणिताला पूर्ण गुण मिळतात. चुकलेल्या गणिताला थिअरीपेक्षाही कमी मिळतात, हे निम्मं वाक्य कोणी म्हणत नाही.

तिच्या पाच प्रश्नांच्या मिनिटांची बेरीज होते १७५. म्हणजे सुरुवात करतानाच पंधरा मिनिटांची उधारी होती. पहिले तीन ठीक गेले: १०, १० आणि ९. ओव्हरहेड्समध्ये जागेचं भाडं वाटताना तिने विभागांच्या क्षेत्रफळाऐवजी कामगारांची संख्या घेतली. पुढे दोन सेवा विभाग एकमेकांना सेवा देत होते, त्यामुळे वाटणीच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या, दशांशचिन्हं आली आणि ४५ ची ५५ मिनिटं झाली. शेवटी बेरीज जुळली. बेरीज जुळली म्हणून तिला वाटलं, १२ पैकी १२. मिळाले ४. सातव्याला अकरा-बारा मिनिटं उरली, प्रोसेस ए चं खातं उघडलं, पहिल्या काही नोंदी झाल्या, २ गुण. एकूण ३५. तीच मुलगी, तीच तयारी, आणि कागदावर तिचा चांगला संच ४४ चा होता.

बेरीज जुळणं आणि उत्तर बरोबर असणं

इथे थोडं थांबतो, कारण गणिताच्या प्रश्नाला किती गुण धरायचे हे यावरच ठरतं.

काही गणितं स्वतःची तपासणी स्वतः करतात. ईओक्यू घ्या, म्हणजे एका ऑर्डरीत किती माल मागवला तर एकूण खर्च सगळ्यात कमी होतो तो आकडा. वर्षाला २०,००० किलो माल लागतो, एका ऑर्डरचा खर्च २०० रुपये, एक किलो वर्षभर सांभाळायचा खर्च २ रुपये. सूत्राने २००० किलो येतं. आता तपासा: वर्षात १० ऑर्डरी, त्यांचा खर्च २००० रुपये. सरासरी साठा १००० किलो, तो सांभाळायचा खर्च २००० रुपये. दोन्ही सारखे आले, म्हणजे वर्गमूळ चुकलेलं नाही. अर्ध्या मिनिटात खात्री झाली. स्टोअर्स लेजरमध्येही सुरुवातीचा साठा अधिक आलेला माल वजा दिलेला माल म्हणजे शेवटचा साठा, हे किलोत आणि रुपयांत दोन्हीकडे जुळलं पाहिजे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाला १० गुण धरताना मला धाकधूक वाटत नाही.

पण या तपासणीला मर्यादा आहे. ती आकडेमोडीतली चूक पकडते, वाचण्यातली पकडत नाही. प्रश्नात महिन्याची गरज दिली असेल आणि तुम्ही ती वर्षाची समजून सूत्रात घातली, तरी ऑर्डरींचा खर्च आणि साठ्याचा खर्च सारखेच येतील. ओव्हरहेड्समध्ये नेमकं हेच झालं. भाडं कुठल्याही आधारावर वाटा, एकूण भाडं तेवढंच राहतं, बेरीज जुळतेच. कॉस्ट शीटला तर जुळवून बघायला दुसरी बाजूच नाही. कारखान्याचं भाडं चुकून ऑफिसच्या खर्चात गेलं तर एकूण कॉस्ट तीच राहते, फक्त वर्क्स कॉस्ट चुकते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. प्रोसेस खात्यात दोन्ही बाजू जुळल्या, पण नॉर्मल लॉसच्या भंगाराची किंमत वजा करायची राहिली, तर तिथेही तसंच.

म्हणून गणिताचा अंदाज बांधताना स्वतःला विचारायचं: यात निर्णयाच्या जागा किती आहेत? निर्णयाची जागा म्हणजे जिथे आकडेमोड नसते, पण हे इथे घ्यायचं की तिथे, हे ठरवावं लागतं. ईओक्यूमध्ये अशी जागा एखादी, हॅल्से-रोवनमध्ये एक किंवा दोन, ओव्हरहेड्समध्ये प्रत्येक खर्चाच्या ओळीला एक. निर्णयाच्या जागा जितक्या जास्त, आणि त्या गणितात जितक्या लवकर येतात, तितका तो प्रश्न धोक्याचा. सुरुवातीला चुकलात तर खालचं सगळं चुकीच्या आकड्यांवर उभं राहतं. पुढच्या पायऱ्यांची रीत बरोबर असेल तर काही परीक्षक गुण देतात, पण त्या भरवशावर प्रश्न घेऊ नये.

अंदाज खरा कसा होतो

पहिल्यांदा हे आकडे लावाल तेव्हा ते चुकणारच. माझ्या अनुभवात मुलं थिअरीला दोन-अडीच गुण जास्त धरतात आणि मिनिटं सगळीकडे कमी धरतात.

उपाय जुनाच आहे, पण नीट करावा लागतो. घड्याळ लावून सरावाचे तीन पेपर पूर्ण सोडवा. प्रत्येक प्रश्न सुरू करण्याआधी समोर अंदाज लिहा, संपल्यावर लागलेली मिनिटं लिहा, आणि तपासून आल्यावर खरे गुण. स्वतः तपासू नका. आपल्या उत्तरातलं न लिहिलेलंही आपल्याला दिसतं. शिक्षक नसतील तर वर्गातल्या एखाद्या कडक मित्राला द्या.

त्या मुलीच्या वहीत तीन पेपरांनंतर असं निघालं. थिअरीला तिचा अंदाज ९, मिळाले साडेसहा, ७ आणि साडेसात. म्हणजे थिअरीच्या अंदाजातून दोन वजा करायचे. टिपांना ९ धरले होते, मिळाले ८ च्या आसपास, कारण तीन टिपांपैकी एक नेहमी चार ओळींची व्हायची. ओव्हरहेड्सला एकदा ११, एकदा ४, एकदा साडेचार. आणि कॉस्ट शीटला तिच्या मते अर्धा तास लागायचा, घड्याळ ४० म्हणायचं. वरच्या तक्त्यातले आकडे इथूनच आलेत.

लिहिण्याचा क्रम आणि संच बदलायची वेळ

संच ठरला की क्रम ठरवा. सगळ्यात आवडता प्रश्न आधी, असं सरसकट सांगतात. मी थोडं वेगळं सांगतो. सुरुवात छोट्या आणि खात्रीच्या प्रश्नाने करा, इथे मटेरियलने. लगेच दुसऱ्या क्रमांकावर सगळ्यात लांब गणित, म्हणजे कॉस्ट शीट. तेव्हा डोकं ताजं असतं. एप्रिलच्या पेपरात दुपारी वर्गातला पंखा गरम हवाच फिरवत असतो, तेव्हा तिसऱ्या तासाला आकडे उतरवण्यातच चुका व्हायला लागतात. मग लेबर, मग टिपा आणि शेवटी थिअरी.

थिअरी शेवटी ठेवण्याचं कारण असं की थिअरी आवळता येते. ३० मिनिटांऐवजी १८ च उरली, तरी व्याख्या, सहा फायदे आणि चार मर्यादा एकेका ओळीत लिहून पाच-साडेपाच गुण काढता येतात. पहिल्या पंधरा मिनिटांतच थिअरीचे बरेचसे गुण येतात, पुढच्या पंधरांत फार तर दोन. कॉस्ट शीट १८ मिनिटांत आवळता येत नाही. ती मध्येच तुटते आणि नफ्याची ओळ, विक्रीची ओळ तशीच राहते. याच कारणाने चार प्रश्न सुंदर लिहून पाचवा सोडण्यापेक्षा, पाचवा अर्धवट का होईना, लिहिलेला बरा. चौथ्या प्रश्नावर घासूनपुसून वाढणारा एक गुण आणि पाचव्याचे पहिले पाच गुण, यांची बरोबरी होत नाही.

आणि पाचांशिवायचा राखीव प्रश्न कोणता, तेही सुरुवातीलाच ठरवून ठेवा. आमच्या पेपरात तो सातवा असता, पस्तीस मिनिटांचा. एखादं गणित अडलं तर काय करायचं, हे अडल्यावर ठरवायचं नसतं. मी मुलांना अशी खूण देतो: ठरवलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा गेला आणि गणिताचा सांगाडा अजून कागदावर उभा राहिला नाही, म्हणजे कॉस्ट शीटमध्ये १३-१४ मिनिटांनंतरही प्राइम कॉस्ट आली नाही, तर पेन उचला. दोन पानं जागा सोडा, पुढच्या प्रश्नावर जा. लिहिलेलं खोडू नका. नंतर डोकं चाललं तर परत येता येतं, आणि नाही चाललं तर राखीव प्रश्न पूर्ण झाल्यावर ते खोडता येतं. "एवढं लिहिलंय तर आता पूर्णच करू" या हट्टापायी त्या मुलीने ओव्हरहेड्सला ५५ मिनिटं दिली. गेलेली मिनिटं परत येणार नव्हतीच. बघायचं होतं ते पुढची पंधरा मिनिटं कुठे जास्त गुण देतील एवढंच.

संच एकदाच बदला. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर वाचतानाच काहीतरी चुकलंय. तेव्हा नवा प्रश्न उघडण्यापेक्षा हातातल्या अर्धवट प्रश्नांच्या पायऱ्या पूर्ण करा.

सहावा लिहावा का?

पाच झाले आणि वीस मिनिटं उरली, तर सहावा लिहू का, हा हुशार मुलांचा ठरलेला प्रश्न. याचं उत्तर प्रत्येक परीक्षेच्या नियमावर आहे. काही ठिकाणी सगळे तपासून सगळ्यांत चांगले पाच धरतात, काही ठिकाणी उत्तरपत्रिकेत आधी आलेले पाच धरून पुढचे बघतच नाहीत. आपल्या बोर्डाच्या पेपरवर बहुपर्यायी प्रश्नांसाठी तर स्पष्ट छापलेलं असतं की पहिला प्रयत्नच ग्राह्य धरला जाईल. म्हणून आधी प्रश्नपत्रिकेवरच्या आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना वाचा. नियम स्पष्ट नसेल तर वाईट नियम धरून चाला.

वाईट नियम धरला तर सहाव्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा तो तुमच्या पाचातल्या एखाद्यापेक्षा नक्की चांगला झालाय आणि तो कमजोर प्रश्न तुम्ही पूर्ण खोडताय. सहावा पूर्ण होऊन तो चांगला झालाय अशी खात्री होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. खोडायचा तर त्याच्या प्रत्येक पानावर तिरपी रेघ मारून "रद्द" लिहा. एका पानावर रेघ आणि दुसरं पान तसंच, असं असलं की तपासणारा गोंधळतो. बहुतेक वेळा मात्र त्या वीस मिनिटांत आकडे कुठून उतरवलेत ते प्रश्नाशी पुन्हा ताडून बघण्यात आणि आखूड राहिलेली टीप चार ओळींवरून आठ ओळींवर नेण्यात जास्त गुण असतात.

प्रश्न क्रमांक पेपरात आहे तोच लिहा. क्रम बदलला म्हणून मटेरियलला "प्रश्न १" लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघतो. आणि एका प्रश्नाचे अ आणि ब सलग लिहा. हॅल्से-रोवन सहाव्या पानावर आणि टाइम बुकिंगचा फरक एकविसाव्या पानावर असला, तर घाईत तपासणाऱ्याकडून दुसरा भाग सुटू शकतो. तो सुटला तर तुमचे सहा गुण गेले, आणि त्या प्रश्नाची निवड मुळात बरोबर होती हे निकालावरून कोणालाही कळणार नाही.